उणे बेचाळीस टक्के

नागपुरात कोळशाशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. कुणाचा मामा वणीच्या खाणीत, कुणाची आत्या सिव्हिल लाइन्सच्या कोल इस्टेटमध्ये कारकून, कुणाचे सासरे उमरेडला. वेस्टर्न कोलफिल्ड्सला इथे सगळे ‘वेकोलि’ म्हणतात आणि ही वेकोलि म्हणजे कोल इंडियाची उपकंपनी. त्यामुळे ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारने कोल इंडियाचे १० टक्के शेअर लोकांना विकायला काढले, तेव्हा धरमपेठेत आयुष्यात कधी शेअर न घेतलेल्या माणसांनीही फॉर्म भरले. माझे आजोबा त्यांतलेच. वेकोलितून निवृत्त झालेले, शेअर बाजाराला जुगार म्हणणारे. पण हा जुगार नव्हता, हा ‘आपला कोळसा’ होता.

ती तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी शेअरविक्री होती, सुमारे १५,२०० कोटींची. भाव ठरला २४५ रुपये. किरकोळ अर्जदारांना ५ टक्के सूट, म्हणजे २३२ रुपये ७५ पैसे. आजोबांना २०० शेअर मिळाले. ४ नोव्हेंबर २०१० ला ते बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी ३४० च्या वर बंद झाले. आजोबांनी विकले नाहीत. पुढे नऊ वर्षं त्यांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलंही नाही.

२०१९ मध्ये आजोबा गेले. शेअर आजीच्या नावावर आले. डिसेंबर २०२० मध्ये घराच्या छताचं काम निघालं, तेव्हा आजीने त्यांतले १०० विकले. भाव मिळाला १३५ रुपयांच्या आसपास. त्या संध्याकाळी काकांनी आजीच्या खात्याचं अ‍ॅप उघडून सगळ्यांना दाखवलं. लाल अक्षरं: उणे ४२ टक्के. काका म्हणाले, “बाबांनी पैसे बुडवले. उरलेले शंभरही काढून टाक, आई.”

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, “बुडाले कसे? दर मार्चला तर यायचे ना पैसे.”

हे वाक्य मला सोडेना. कारण त्यात एक सरळ हिशेबाचा प्रश्न होता आणि तो त्या खोलीत कुणीच सोडवत नव्हतं. काका अ‍ॅप वाचत होते, आजी आठवणीतून बोलत होती. दोघं एकाच शेअरबद्दल बोलत होती आणि दोघांनाही पूर्ण हिशेब माहीत नव्हता. त्यात पणाला लागलं होतं ते गेलेल्या माणसाबद्दलचं एक मत. आणि पाठोपाठ उरलेल्या १०० शेअरांचा निर्णय.

आधी अ‍ॅपचा आकडा कुठून येतो ते पाहू. अ‍ॅप दोनच गोष्टी पाहतं: घेतलेला भाव आणि आत्ताचा भाव. १०० शेअर घेतले २३,२७५ रुपयांना, विकले १३,५०० ला. फरक उणे ९,७७५. त्याला २३,२७५ ने भागलं की उणे ४२ टक्के. गणित बरोबर आहे. पण मधल्या दहा वर्षांत कंपनीने त्याच शेअरवर जे रोख पैसे दिले, ते या गणितात कुठेच नाहीत. कारण ते पैसे डिमॅट खात्यात येतच नाहीत. लाभांश थेट बँकेच्या बचत खात्यात जमा होतो. शेअर एका वहीत आणि लाभांश दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्या कुणी शेजारी ठेवल्या नाहीत, तर शेअर तोट्यातच दिसणार.

एक बारीक गोष्टही लक्षात आली. वारसाने दुसऱ्याच्या नावावर आलेल्या शेअरची खरेदी किंमत अ‍ॅपला बहुतेक वेळा माहीतच नसते. ती आपल्याला हाताने भरावी लागते. इंटरनेटवर शोधलं की २४५ सापडतं, पण आजोबांनी भरले होते २३२.७५. आजीच्या कपाटात शेअर मिळाल्याचं मूळ पत्र होतं, म्हणून खरा आकडा कळला. २४५ भरले असते तर तोटा ४५ टक्के दिसला असता. तुमच्या घरी असं काही असेल, तर कुठल्याही हिशेबाच्या आधी तो कागद शोधा.

मग पासबुकं काढली. आजोबांची पासबुकं रबर बँड लावून वर्षानुसार ठेवलेली होती. पेन्शनच्या नोंदींमध्ये कोल इंडियाच्या नावाची एखादी ओळ यायची, वर्षातून एकदा, कधी दोनदा. मी पेन्सिलने खुणा करत गेले. २०० शेअरांवर जानेवारी २०१४ मध्ये ५,८०० रुपये. मार्च २०१५ मध्ये ४,१४०. मार्च २०१६ मध्ये ५,४८०. प्रत्येक आकड्याला २०० ने भागलं की एका शेअरवरचा लाभांश मिळतो आणि तो कंपनीच्या जाहीर आकड्यांशी ताडून पाहता येतो. हे ताडणं महत्त्वाचं आहे. लाभांश जाहीर झाला पण पासबुकात नोंद नाही, असं दिसलं तर पैसे कुठेतरी अडकलेत. सात वर्षं कुणी मागितले नाहीत की ते सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात आणि तिथून अर्ज करून परत मागावे लागतात. आमच्याकडे सगळ्या नोंदी जुळल्या.

एका शेअरवरचा हिशेब असा झाला. पहिल्या तीन आर्थिक वर्षांत ३.९०, १० आणि १४ रुपये, म्हणजे २७.९०. पुढची तीन वर्षं भरघोस: २९, २०.७० आणि २७.४०, मिळून ७७.१०. त्यानंतर उतरती भांजणी: १९.९०, १६.५०, १३.१० आणि १२, मिळून ६१.५०. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आणखी ७.५०. सगळं मिळून १७४ रुपये. शंभर शेअरांवर १७,४००.

आता दोन्ही वह्या एकत्र ठेवा.

```
परतावा % = (विक्री − खरेदी + लाभांश) ÷ खरेदी × 100
         = (13500 − 23275 + 17400) ÷ 23275 × 100
         = 7625 ÷ 23275 × 100
         = 32.8
```

उणे ४२ नाही, अधिक ३३. विक्रीवरची दलाली आणि कर मी इथे धरलेला नाही, तो काही रुपयांचा फरक आहे. आजीची आठवण बरोबर निघाली. पैसे बुडाले नव्हते. ते हप्त्याहप्त्याने घरी आले होते.

इथे एक गोंधळ होतो, तो सांगायलाच हवा. कंपन्या लाभांश टक्क्यांत जाहीर करतात आणि तो टक्का शेअरच्या दर्शनी किमतीवर असतो. कोल इंडियाची दर्शनी किंमत १० रुपये. म्हणून जानेवारी २०१४ मधला २९ रुपयांचा लाभांश ‘२९० टक्के’ होतो. ऐकायला छप्पर फाडके वाटतं. पण आजोबांनी १० रुपये दिले नव्हते, २३२.७५ दिले होते. त्यांच्या पैशावर तो झाला साडेबारा टक्के. चांगलाच, पण २९० नव्हे. परताव्याचा भागाकार नेहमी आपण मोजलेल्या पैशाने करायचा, शेअरवर छापलेल्या किमतीने नाही.

एवढा मोठा लाभांश आला तरी कुठून? शेअर विकल्यानंतरही ९० टक्के मालकी सरकारकडेच होती. कोल इंडियाकडे रोख रकमेचा मोठा साठा होता आणि सरकारला तूट भरून काढायला पैसे हवे होते. जानेवारी २०१४ चा तो एक लाभांश एकूण १८,३१७ कोटींचा होता आणि त्याचा सिंहाचा वाटा दिल्लीला गेला. त्याच पंगतीत धरमपेठेतल्या एका पेन्शनरच्या ताटातही ५,८०० रुपये पडले. बहुतेक लाभांश मार्चमध्ये का यायचे, याचंही एक कारण तेच: सरकारचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं.

पण तिजोरीतून पैसा बाहेर गेला की कंपनीची किंमत तेवढी कमी होते. लाभांशाचा हक्क ज्या दिवशी सुटतो, त्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याच रुपयांनी खाली उघडतो. म्हणजे अ‍ॅपवरच्या लाल आकड्यातला काही भाग हा तोटा नव्हताच. तोच पैसा डिमॅटमधून निघून पासबुकात आला होता. जाणं मोजायचं आणि येणं सोडून द्यायचं, असं केलं की हिशेब लंगडा होतो. उलट चूकही तितकीच होते. काही जण फक्त लाभांश मोजतात, “मला तर दरवर्षी आठ टक्के मिळतात” म्हणतात आणि भाव निम्म्यावर आला आहे हे पाहत नाहीत.

इथेच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. काका चुकले, आजोबा बरोबर, आजी खूश. पण ३३ टक्के हा आकडाही अर्धवट आहे. त्याला वेळ माहीत नाही. एका वर्षात ३३ टक्के मिळाले तर पेढे वाटावेत. दहा वर्षांत मिळाले तर जरा विचार करावा.

वर्षाचा दर काढायला ३३ ला १० ने भागून ३.३ म्हणणं ढोबळ आहे, कारण पैसे एकदम शेवटी आले नाहीत. २०१४ मध्ये हातात आलेले २९ रुपये २०२० मध्ये आलेल्या २९ रुपयांपेक्षा जास्त किमतीचे, कारण ते सहा वर्षं आधी वापरता आले. यासाठी मोबाइलवरच्या साध्या स्प्रेडशीटमध्ये एक सूत्र असतं. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. खरेदीची रक्कम उणे, प्रत्येक लाभांश अधिक, शेवटी विक्री अधिक. आमच्या १८ ओळी झाल्या.

```
=XIRR(B2:B19, A2:A19)
```

उत्तर आलं ०.०४ च्या आसपास. वर्षाला सुमारे ४ टक्के.

हा आकडा खरा की खोटा हे सूत्राशिवायही तपासता येतं. तेच २३,२७५ रुपये २०१० मध्ये ८ टक्क्यांनी ठेवले असते असं धरा. तेव्हा पीपीएफचा दर ८ टक्के होता आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ९, म्हणजे हे काही हवेतलं गृहीतक नाही. वर्षाला व्याज मिळालं असतं १,८६२ रुपये. दहा वर्षांचं १८,६२०. आणि शेवटी मुद्दल जसंच्या तसं, २३,२७५. एकूण ४१,८९५. शेअरने दिले १३,५०० अधिक १७,४००, म्हणजे ३०,९००. फरक जवळपास ११ हजारांचा.

गंमत पाहा: दरवर्षी हातात आलेली रक्कम दोन्हीकडे जवळपास सारखीच. शेअरकडून सरासरी १,७४०, ठेवीकडून १,८६२. सगळा फरक मुद्दलात पडला. ठेवीने ते पूर्ण परत केलं, शेअरने ५८ टक्केच. ठेवीच्या बाजूने एक वजावट मात्र करायला हवी. बँकेच्या व्याजावर कर लागतो, आणि मार्च २०२० पर्यंतचा लाभांश आजोबांसारख्या माणसाच्या हाती करमुक्त यायचा. कंपनीच आधी कर भरून मोकळी व्हायची. एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरला जातो, म्हणून त्यानंतरचा हिशेब करताना हातात किती उरलं ते पाहावं लागतं.

करखात्याची नजर तर अजूनच वेगळी. त्याच्या लेखी आजीला ९,७७५ रुपयांचा दीर्घकालीन भांडवली तोटा झाला, कारण तिथे लाभांश आणि भांडवल ही दोन वेगळी खाती आहेत. वारसाने आलेल्या शेअरला आजोबांचीच खरेदी किंमत लागते. हा तोटा विवरणपत्रात वेळेवर दाखवला, तर पुढच्या आठ वर्षांत होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यातून वजा करता येतो. म्हणजे ज्या व्यवहारात घराला ७,६२५ रुपये जास्त मिळाले, त्याच व्यवहारात कायद्याने तोटा नोंदवला. दोन्ही खरं आहे. प्रश्न वेगळे आहेत.

एका कागदावर मी तीन आकडे लिहिले: उणे ४२, अधिक ३३, वर्षाला ४. रविवारी काका आले, तेव्हा कागद त्यांच्यापुढे ठेवला. काका बँकेत नोकरी केलेले, आकडे वाचायला त्यांना वेळ लागत नाही. त्यांनी पासबुकं मागितली, स्वतः चार नोंदी तपासल्या. मग म्हणाले, “म्हणजे बुडवले नाहीत. पण ठेवीत जास्त मिळाले असते.” हे वाक्य अचूक होतं. ‘बुडवले’ हा शब्द मागे घेतला गेला आणि त्याच्या जागी गुळगुळीत कौतुकही आलं नाही. आजीला तेवढंच हवं होतं असं मला वाटतं.

उरलेल्या शंभरांचं काय, हा प्रश्न होताच. इथे या हिशेबाची मर्यादा येते. मागचा परतावा कितीही नेमका काढला, तरी उद्याचा भाव त्यातून कळत नाही. लाल आकडा पाहून विकणं जसं चुकीचं, तसं ‘एकूण नफाच आहे’ म्हणून ठेवणंही. दोन्हीकडे आपण मागे वळून पाहत असतो. आजीचा निर्णय वेगळ्याच पायावर झाला. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचे गहू आणि तुरीची डाळ भरतात. आजोबा लाभांश आला की गोकुळपेठेत जाऊन धान्याची चौकशी करून यायचे. आजी म्हणाली, “गव्हाचे पैसे येऊ दे बाप्पा. ते नको विकू.” शेअर राहिले.

पुढे काय झालं ते सांगते, पण त्याला भाकीत समजू नका. २०२१ नंतर कोळशाची मागणी आणि भाव वाढले, लाभांशही वाढला. मार्च २०२१ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत एका शेअरवर आणखी ७५.२५ रुपये आले. आधीचे १७४ धरून एकूण २४९.२५. म्हणजे नोव्हेंबर २०२३ च्या लाभांशानंतर आजोबांनी भरलेले २३२.७५ रुपये निव्वळ लाभांशातून परत आले होते, शेअर तसाच हातात. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव ५०० च्या वर गेला. त्या दिवशी ५०० ला विकला असता, तर एकूण परतावा २२२ टक्के, वर्षाला साधारण साडेअकरा टक्के.

तोच शेअर, तीच खरेदी, तोच दिवस, तोच अर्ज. अर्धे डिसेंबर २०२० ला विकले तर ४ टक्के, उरलेले ऑगस्ट २०२४ ला विकले असते तर साडेअकरा. आणि ४ नोव्हेंबर २०१० च्या संध्याकाळी विकले असते, तर लाभांशाशिवायच ४७ टक्के. त्यामुळे ‘अमुक शेअरने इतका परतावा दिला’ असं कुणी सांगितलं, की मी आता तीन गोष्टी विचारते. कधीपासून कधीपर्यंत? लाभांश धरून की सोडून? आणि खरंच विकला, की पडद्यावर मोजला? आजीचे ते शंभर शेअर अजून विकलेले नाहीत. त्यामुळे २२२ टक्के हा पडद्यावरचा आकडा. ३३ टक्के मात्र झालेला, संपलेला, छताच्या सिमेंटमध्ये गेलेला.

आजीच्या खात्याचं अ‍ॅप आता हिरवं दिसतं. त्यातही लाभांश धरलेला नसतोच. म्हणून स्प्रेडशीटमध्ये नवी ओळ मीच भरते, तारीख आणि रक्कम. आजी विचारते, “किती आले?” मी रुपये सांगते, टक्के नाही. ती मनातल्या मनात किलोचा भाव लावते आणि म्हणते, “चला, एवढ्यात एक कट्टा गहू तरी येतो.”